विद्यार्थ्याच्या लॅपटॉपला कोणते लिनक्स? रोज बदलणारे की पाच वर्षे टिकणारे?

गेल्या वर्षी रमजान ईद झाली, म्हसळ्याहून सगळे परत पनवेलला आले आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी रात्री दहाच्या सुमारास बहिणीचा फोन आला. भाच्याचा आवाज मागून ऐकू येत होता. "मामू, स्क्रीन काळी झाली आहे. नुसती अक्षरं दिसतात. उद्या सकाळी प्रॅक्टिकल आहे."

भाचा कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. लॅपटॉप जुना, एका नातेवाइकाने वापरून दिलेला, चार जीबी रॅमचा. त्यावर विंडोज फार जड चालत होते, म्हणून एका मित्राच्या सांगण्यावरून त्याने आर्च लिनक्स टाकून घेतले होते. मित्र म्हणाला होता, "यात सगळं कायम नवीन मिळतं." ते खरेच होते. पण "कायम नवीन" याचा अर्थ काय, तो कोणत्या अटींवर मिळतो, हे कोणी सांगितले नव्हते. ती रात्र आम्हाला त्या अटी शिकवून गेली.

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. आपल्या घरांतले अनेक जुने लॅपटॉप त्यात बसत नाहीत, म्हणून आता मुले लिनक्सकडे वळत आहेत आणि पालक विचारतात, "कोणते टाकू?" म्हणून त्या रात्रीची हकीकत आणि त्यातून समजलेला हिशोब इथे मांडत आहोत.

पाठ्यपुस्तक आणि शुद्धिपत्र

लिनक्स एकच नाही. त्याचे तयार संच असतात, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. त्यांचे मुख्य दोन स्वभाव आहेत.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून शाळेचेच उदाहरण घेऊ. शासनाने एक पाठ्यपुस्तक काढले आणि ठरवले की पाच वर्षे हेच चालेल. मधे चूक सापडली तर पुस्तक बदलायचे नाही, शुद्धिपत्राची चिठ्ठी पाठवायची. धडे तेच, पानांचे क्रमांक तेच, फक्त चूक दुरुस्त. हे झाले एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती. उबंटूची एलटीएस दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. लिनक्स मिंट हे या उबंटू एलटीएसच्याच पायावर उभे आहे.

दुसऱ्या प्रकारात पुस्तकाला आवृत्तीच नसते. लेखकाने नवे पान लिहिले की जुने काढून ते लगेच घातले जाते. आज एक पान, उद्या चार. पुस्तक कधीच जुने होत नाही, पण कधीच स्थिरही नसते. हे झाले रोलिंग रिलीज. आर्च लिनक्स, ओपनसुसे टम्बलवीड आणि काली लिनक्स ही त्याची उदाहरणे.

शुद्धिपत्राची पद्धत प्रत्यक्षात कशी चालते ते एका घटनेतून कळेल. १ जुलै २०२४ रोजी ओपनएसएसएच या प्रोग्राममधला एक गंभीर दोष जाहीर झाला. मूळ लेखकांनी तो ९.८ या नव्या आवृत्तीत दुरुस्त केला आणि आर्चने ती नवी आवृत्तीच दिली. उबंटू २२.०४ मध्ये मात्र जुनी ८.९ होती. उबंटूने ती काढली नाही. फक्त दुरुस्तीचा तेवढा भाग जुन्या प्रोग्रामला जोडला आणि शेपटीचा आकडा वाढवला:

```
1:8.9p1-3ubuntu0.10
```

पुढचा ८.९ तसाच राहिला, शेवटचा १० म्हणजे शुद्धिपत्राचा क्रमांक. म्हणून एलटीएसवर जुना आकडा पाहून "हे तर असुरक्षित आहे" असे कोणी मुलाला म्हणाले, तर आधी शेपटीकडे बघावे.

त्या रात्री नेमके काय घडले

भाच्याने शेवटचे पूर्ण अपडेट दिवाळीच्या सुटीत केले होते. घरी ब्रॉडबँड नाही, मोबाइलचा दिवसाचा दीड जीबी डेटा, त्यातच अभ्यासाचे व्हिडिओ. अपडेट म्हटले की मोठा आकडा दिसायचा आणि तो "नंतर करू" म्हणायचा. असे पाच महिने गेले.

त्या संध्याकाळी त्याला प्रोजेक्टच्या अहवालासाठी एक छोटा प्रोग्राम हवा होता. त्याने `pacman -Sy` लिहून पुढे त्या प्रोग्रामचे नाव टाकले. इथेच चूक झाली.

`-Sy` म्हणजे दुकानाची आजची यादी आणा आणि त्यातली एवढी वस्तू द्या. तो एक प्रोग्राम आजच्या यादीतला होता, म्हणून त्याने सोबत एक सामायिक लायब्ररीही आजच्या आवृत्तीची आणली. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोडचा भाग. लॅपटॉपमधले बाकीचे शेकडो प्रोग्राम दिवाळीच्या यादीतले होते आणि ते त्या लायब्ररीची जुनी आवृत्ती शोधत होते. ती आता राहिलीच नव्हती. डेस्कटॉप उघडणारा प्रोग्रामही त्यातलाच एक. लॅपटॉप बंद करून सुरू केला, तर चित्राऐवजी काळा पडदा आणि अक्षरे. हाताने प्रोग्राम चालवून पाहिला की हा संदेश यायचा:

```
error while loading shared libraries:
cannot open shared object file
```

हा संदेश दिसला की ओळखावे, अर्धवट अपडेट झाले आहे. आर्चच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे की असे अर्धे अपडेट चालत नाही; घ्यायचे तर सगळे एकदम घ्या. म्हणजे दोष आर्चचा नव्हता. दोष आमच्या घरच्या वापराचा होता.

आम्ही गेलो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून अक्षरांचा पडदा उघडला आणि लॉगइन केले. मोबाइल यूएसबी वायरने जोडून नेट दिले. मग पूर्ण अपडेट सुरू केले, तर दुसरी अडचण समोर आली. प्रत्येक फाइलवर तयार करणाऱ्याची डिजिटल सही असते. पाच महिन्यांत सह्या करणाऱ्यांच्या काही किल्ल्या बदलल्या होत्या आणि आमच्या लॅपटॉपला नव्या सह्या ओळखता येत नव्हत्या. फाइल "खराब" म्हणून नाकारली जात होती. यावर उपाय असा, की आधी फक्त किल्ल्यांचा जुडगा नवा घ्यायचा आणि त्याला जोडूनच बाकी सगळे:

```
sudo pacman -Sy archlinux-keyring
sudo pacman -Su
```

इथे `-Sy` वापरले, पण लगेच `-Su` केले म्हणून चालले. मधे थांबायचे नाही.

आता डाउनलोडचा आकडा आला: तीन जीबीच्या वर. भाच्याचा डेटा अर्ध्यातच संपला. उतरलेल्या फाइली `/var/cache/pacman/pkg` मध्ये शिल्लक राहतात, म्हणून पुढचे काम आमच्या फोनवरून तिथूनच चालू झाले. रात्री दीड वाजता डेस्कटॉप दिसला. बहिणीने चहा ठेवला. आम्हाला वाटले, सुटलो.

सुटलो नव्हतो. भाच्याचा पायथनमधला प्रोजेक्ट चालेना. `ModuleNotFoundError` असा संदेश येऊ लागला. या मोठ्या अपडेटमध्ये पायथन ३.१२ जाऊन ३.१३ आले होते. त्याने प्रोजेक्टसाठी वेगळे वातावरण, म्हणजे व्हेन्व्ह, बनवले होते. त्यातली सगळी मॉड्यूले `lib/python3.12` या फोल्डरमध्ये होती आणि नवा पायथन ती `lib/python3.13` मध्ये शोधत होता. सामान घरातच होते, पण खोलीचा क्रमांक बदलला होता. व्हेन्व्ह पुसून पुन्हा बनवावे लागले. त्याने मॉड्यूलांची यादी `requirements.txt` मध्ये लिहून ठेवली होती म्हणून पंधरा मिनिटांत झाले. नसती तर एकेक आठवत बसावे लागले असते.

सकाळी प्रॅक्टिकल झाले. पण त्या रात्री मुलाने पायथनचा एक धडाही वाचला नाही.

तेच एलटीएसवर असते तर?

उबंटू २४.०४ मध्ये पायथन ३.१२ आहे आणि तिच्या मुदतीत तेच राहील. पाच महिने अपडेट केले नाही आणि मग एक छोटा प्रोग्राम घेतला, तर तो त्याच ठरलेल्या संचातला येतो. लायब्ररीची आवृत्ती बदललेली नसते, फक्त शुद्धिपत्राचा आकडा वाढलेला असतो. म्हणून बाकीचे प्रोग्राम बिघडत नाहीत. पाच महिने सुरक्षेच्या दुरुस्त्या न घेणे चूकच आहे, पण त्या चुकीची शिक्षा काळ्या पडद्याची नसते.

डेटाचा हिशोबही वेगळा पडतो. रोलिंगमध्ये प्रोग्रामात लहान बदल झाला तरी पूर्ण प्रोग्राम पुन्हा उतरतो, आणि बदल सगळ्याच प्रोग्रामांत सतत होत असतात. एलटीएसमध्ये दुरुस्ती असलेलेच प्रोग्राम येतात. दिवसाला दीड जीबीवर चालणाऱ्या घरात हा फरक महिन्याअखेरीस स्पष्ट दिसतो.

नवे म्हणजे सुरक्षित, हा समजही तपासून घ्यावा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, फाइली आवळणाऱ्या प्रोग्रामच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर एसएसएचचे लॉगइन साधारण अर्ध्या सेकंदाने हळू झालेले जाणवले. त्याने शोध घेतला आणि २९ मार्चला हा प्रकार उघड झाला. त्या आवृत्त्या आर्च, टम्बलवीड आणि काली यांच्यापर्यंत पोहोचल्या होत्या. उबंटू २२.०४ मध्ये मात्र जुनी ५.२.५ होती, म्हणून ती वाचली. आर्चमध्ये एसएसएच त्या लायब्ररीला थेट जोडलेले नव्हते, त्यामुळे तिथे तो दरवाजा त्या वाटेने उघडत नव्हता, हेही सांगायला हवे. उलट बाजू अशी की खऱ्या दोषाची दुरुस्ती रोलिंगमध्ये फार लवकर मिळते. पण ती मिळण्यासाठी अपडेट करावे लागते, आणि आमचा भाचा ते करत नव्हता.

एलटीएसच्याही मर्यादा आहेत

पहिली मर्यादा नव्या लॅपटॉपची. यंत्राच्या भागांशी बोलणारा लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. उबंटू २४.०४ आली तेव्हा तिचा कर्नल ६.८ होता. त्यानंतर बाजारात आलेल्या वायफाय चिपची ओळख त्याला नसू शकते. अशा वेळी लगेच रोलिंगकडे धावू नये. त्याच एलटीएसची नंतरची प्रत घ्यावी. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या २४.०४.३ या प्रतीत कर्नल ६.१४ आहे, बाकी संच तोच. मिंट २२.२ मध्येही तोच कर्नल आहे. पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, ही प्रत चालवून बघावी. वायफाय, आवाज, टचपॅड, पडद्याचा उजेड आणि झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, एवढे पाच तपासावे.

दुसरी मर्यादा जुन्या प्रोग्रामांची. शिक्षकाने एखाद्या प्रोग्रामची नवीच आवृत्ती सांगितली तर ती एलटीएसच्या संचात नसते. त्यासाठी फ्लॅटपॅक आहे. तो प्रोग्राम आपल्या लायब्ररी स्वतःसोबत घेऊन येतो, संचाला हात लावत नाही. मिंटमध्ये ही सोय आधीपासून असते. जागा थोडी जास्त लागते.

तिसरी मर्यादा बहुतेकांना ठाऊक नसते. उबंटूची पाच वर्षांची हमी मुख्य संचाला आहे. `universe` नावाच्या मोठ्या साठ्यातले प्रोग्राम, जसे व्हीएलसी, त्या हमीत पूर्णपणे येत नाहीत. त्यांच्या सुरक्षा दुरुस्त्या उबंटू प्रो या योजनेत मिळतात. ती घरगुती वापराला पाच यंत्रांपर्यंत मोफत आहे आणि तिच्यामुळे मुदत दहा वर्षांपर्यंत जाते. उबंटूवर आपली स्थिती पाहायची असेल तर:

```
pro security-status
```

मग रोलिंग कोणी घ्यावे?

घरी ब्रॉडबँड आहे, लॅपटॉपच्या जोडीला कामापुरते दुसरे यंत्र आहे आणि मुलाला लिनक्स आतून कसे चालते हेच शिकायचे आहे, अशा घरात रोलिंग उत्तम शिक्षक आहे. भाच्याने एका रात्रीत लायब्ररी, सह्या आणि व्हेन्व्ह यांबद्दल जे शिकले, ते त्याला कोणत्याही धड्यात एकत्र मिळाले नसते. पण मग शिस्त पाळावी. आठवड्यातून एक दिवस ठरवून पूर्ण अपडेट करावे. त्याआधी डिस्ट्रोच्या सूचना वाचाव्यात. २१ जून २०२५ ची आर्चची सूचना पाहा: `linux-firmware` हे पॅकेज नव्या रचनेत आले आणि जुने आधी हाताने काढल्याशिवाय अनेकांचे अपडेट पुढे सरकत नव्हते. सूचना वाचणाऱ्याला दोन ओळींचे काम होते, न वाचणाऱ्याला कोडे. सोबत `linux-lts` हा दुसरा कर्नलही ठेवावा, म्हणजे नवा रुसला तर जुन्याने लॅपटॉप सुरू होतो. टम्बलवीड घेतले तर अपडेटच्या आधीची स्थिती आपोआप जपून ठेवली जाते आणि मागे जाता येते. नवख्याला रोलिंगच हवे असेल तर ते बरे.

कालीबद्दल वेगळे सांगावे लागते, कारण "हॅकिंग शिकायचे आहे" म्हणून मुले तेच रोजच्या लॅपटॉपवर टाकतात. काली हे सुरक्षा तपासनिसांचे अवजार आहे. रोजच्या सर्वसाधारण वापरासाठी आणि नवख्यांसाठी ते नाही, असे त्याचे निर्मातेच सांगतात. तेही रोलिंगच. एप्रिल २०२५ मध्ये त्यांना सहीची किल्ली बदलावी लागली आणि प्रत्येक वापरणाऱ्याला नवी किल्ली हाताने घ्यावी लागली. शिकायचेच असेल तर एलटीएसवर व्हर्च्युअलबॉक्स घेऊन त्याच्या आत काली चालवावे. बिघडले तर तेवढेच पुसता येते, अभ्यास सुरक्षित राहतो.

भाच्यासाठी काय ठरले

परीक्षा संपेपर्यंत आम्ही काहीच बदलले नाही. चालते ते चालू दिले, अपडेट थांबवले. सुटीत त्याच्या सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या आणि चार जीबी रॅम लक्षात घेऊन मिंट २२ ची एक्सएफसीई ही हलकी प्रत टाकली. टाइमशिफ्ट सुरू करून दिले. ते अपडेटच्या आधीची यंत्रणेची स्थिती जपते. मुलाच्या फाइली ते जपत नाही, त्या वेगळ्या ठेवाव्याच लागतात. मराठी आणि उर्दूचे कळफलक जोडले, उर्दूसाठी नोटो नस्तालीक हा फाँट घातला. आता आमच्या उर्दूच्या प्रश्नपत्रिकाही कधीमधी त्याच लॅपटॉपवर तयार होतात.

मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील. भाचा आता डिप्लोमानंतर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला थेट बसला आहे, म्हणजे तीन वर्षांचा अभ्यास २०२८ ला संपेल. त्याआधी मोठा बदल करण्याची सक्ती त्याच्यावर येणार नाही. आम्हाला वाटते, पालकांनी हाच हिशोब आधी करावा: मुलाचा अभ्यास कोणत्या वर्षी संपतो आणि टाकत असलेल्या आवृत्तीची मुदत कोणत्या वर्षी संपते. मुदत आधी संपत असेल, तर बदल कोणत्या सुटीत करायचा ते आजच वहीत लिहून ठेवावे. नवी एलटीएस आल्या दिवशी उडी मारण्याचीही गरज नाही. उबंटू स्वतःच जुन्या एलटीएसवाल्यांना नवीकडे जाण्याची सूचना पहिली सुधारित प्रत, म्हणजे शेवटी .१ असलेली, आल्यावर देते. ती साधारण ऑगस्टमध्ये येते.

परवा भाचा घरी आला होता. लॅपटॉप उघडून दाखवला, अपडेटच्या खिडकीत चार ओळी होत्या, त्याने त्या समोरच घेतल्या. मग हळूच म्हणाला, "मामू, आर्च मी सोडलेलं नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ठेवलं आहे. दर रविवारी अपडेट करतो."

"आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी?" आम्ही विचारले.

"त्या दिवशी नाही," तो हसत म्हणाला.